रुंद पडद्याची वाटणी : प्रस्तावना

तंजावरच्या मराठी राजवटीच्या मोडी कागदांचे संपादन जो हाती घेतो, त्याला एकाच वेळी तीन गोष्टी नजरेसमोर हव्या असतात : मूळ कागदाचे छायाचित्र, त्यावरून बालबोध लिपीत उतरवलेला मजकूर, आणि त्या कागदाचा सन, ठिकाण, माणसे व रकमा ज्यात नोंदवावयाच्या तो तक्ता. मोडीत शब्दाशब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, शिरोरेघ आधी कागदभर ओढून तिच्याखाली अक्षरे एकसलग चालत जातात, आणि इकार-उकाराचा ऱ्हस्वदीर्घपणा लेखकाने सहसा पाळलेला नसतो. त्यामुळे शब्द कोठे तोडावा आणि वेलांटी कोणती द्यावी याचा निर्णय प्रत्येक ओळीत संपादकालाच करावा लागतो, आणि तो निर्णय मूळ अक्षर डोळ्यांसमोर असतानाच करणे इष्ट असते. प्रस्तुत पुस्तिका या तीन गोष्टी एका रुंद पडद्यावर कशा मांडाव्यात, एवढ्याच विषयाची आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात व्यंकोजी राजांनी स्थापिलेली आणि १८५५ साली इंग्रजांनी खालसा केलेली ही राजवट आपल्या मागे जे दफ्तर ठेवून गेली, त्याचा मोठा हिस्सा तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. तेथील तमिळ विद्यापीठाने त्यातील निवडक कागदांचे तमिळ अनुवादही प्रसिद्ध केले आहेत. चेन्नईत राहून या कामाला हात लावणारी जी थोडी मंडळी आहेत, त्यांत कोणी पिढ्यान्‌पिढ्या येथे वसलेल्या तंजावरी मराठी घराण्यांतले, तर कोणी माझ्यासारखे नोकरीच्या निमित्ताने येऊन येथेच राहिलेले. ग्रंथालयात जाऊन टिपणे करावयाची आणि घरी येऊन छायाचित्रांवरून मजकूर सिद्ध करावयाचा, असा बहुतेकांचा शिरस्ता आहे, आणि घरचे हे काम पंधरा इंची लॅपटॉपवर चालते. अशा पडद्यावर एका वेळी एकच विंडो नीट वाचता येते. म्हणून छायाचित्रातील चार-सहा अक्षरे पाहावयाची, Alt + Tab दाबून मजकुरात यावयाचे, ती लिहावयाची आणि पुन्हा छायाचित्रात परतून आपण कोणत्या ओळीवर होतो हे शोधावयाचे, असा क्रम दिवसभर चालू राहतो. या परत शोधण्यातच ओळ गळते. दोन लगतच्या ओळी एकाच शब्दाने सुरू होत असतील, आणि हिशेबाच्या कागदात तसे वारंवार घडते, तर नजर पहिलीऐवजी दुसरीवर उतरते आणि मधली रक्कम तक्त्यात येतच नाही. शेवटी बेरीज जुळली नाही म्हणजे चूक उमगते. पण ज्या कागदावर बेरीज लिहिलेलीच नाही, तेथे ती उमगण्याचा मार्ग उरत नाही.

रुंद पडद्याने हा दोष दूर होतो. मात्र पडदा घेताना त्याच्या इंचांनी फसू नये. इंचांचा आकडा कर्णाचा असतो, आणि कर्ण लांबला म्हणजे उंची वाढलीच असे होत नाही. चौतीस इंची, ३४४० × १४४० पिक्सेलचा पडदा सुमारे ८० सेंटिमीटर रुंद आणि ३३ सेंटिमीटर उंच भरतो. ही उंची साध्या सत्तावीस इंची पडद्याइतकीच आहे, केवळ रुंदी त्याहून तिसऱ्या हिश्शाने अधिक आहे. उलट एकोणतीस इंची, २५६० × १०८० चा पडदा किमतीने स्वस्त आणि दिसायला ऐसपैस असला, तरी त्याची उंची २९ सेंटिमीटरांच्याही आत राहते, आणि संपादनाच्या दृष्टीने तीच गोष्ट निर्णायक ठरते. कारण असे की, ए-४ आकाराचे एक पान शंभर टक्के आकाराने दाखविले असता त्याला ७९४ पिक्सेल रुंदी आणि ११२३ पिक्सेल उंची लागते. १०८० उंचीच्या पडद्यावर ते पान पूर्ण दिसणे शक्य नाही. १४४० च्या पडद्यावर मात्र वरची आज्ञांची पट्टी आणि खालचा टास्कबार वजा जाऊनही ते सबंध मावते. पानाचा माथा आणि तळ एका दृष्टिक्षेपात दिसल्याखेरीज मुद्रितशोधन नीट होत नाही, हे ज्यांनी ते केले आहे त्यांना सांगावयास नको. म्हणून या पुस्तिकेतील सारे विवेचन चौतीस इंची पडद्याला धरून आहे.

जसे पानाचे माप, तसेच तक्त्याचेही. एक्सेलमधला रकाना, त्याला हात लावला नाही तर, ६४ पिक्सेल रुंद असतो आणि ओळ २० पिक्सेल उंच. यावरून हिशेब करता, पडद्याच्या अर्ध्या भागात, म्हणजे १७२० पिक्सेलांत, ओळींच्या क्रमांकांची पट्टी आणि सरकपट्टी यांची जागा वगळून A पासून Z पर्यंतचे सव्वीस रकाने जवळजवळ तंतोतंत बसतात. आपल्या कामाला किती रकाने लागतात आणि मजकूर कोणत्या आकारात वाचावयाचा, हे आधी ठरवून मग त्या मापांनी पडदा वाटणे, हे या पुस्तिकेचे मुख्य सूत्र आहे. पडदा आधी समान भागांत तोडून मग त्या भागांत काम कोंबण्याची जी सवय तयार मांडण्यांमुळे लागते, ती मला या कामाला प्रतिकूल वाटते.

तयार मांडण्या निरुपयोगी आहेत, असे मात्र नाही. विंडोज ११ मध्ये Win + Z दाबले असता मांडण्यांचे छोटे नकाशे समोर येतात. रुंद पडद्यावर त्यांत तीन समान भागांची आणि मधला भाग दुप्पट असलेली, अशा दोन जास्तीच्या मांडण्या दिसतात. पत्रव्यवहार किंवा साधे वाचन यांसाठी त्या पुरेशा आहेत. परंतु तीन समान भाग केले म्हणजे प्रत्येकाला सुमारे ११४६ पिक्सेल येतात, ज्यांत मजकुराला गरजेहून जास्त आणि तक्त्याला गरजेहून कमी जागा मिळते. आणि मधला भाग दुप्पट केला, तर मजकूर १७२० च्या मैदानात एकटा राहतो व छायाचित्र ८६० मध्ये इतके आक्रसते की मोडीतील सारख्या दिसणाऱ्या अक्षरांमधला बारीक फरक ओळखणे दुरापास्त होते. त्यामुळे आपली मापे आपणच आखण्याची तजवीज करावी लागते, आणि ती मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या विनामूल्य संचातील फॅन्सीझोन्स या साधनाने होते.

हे साधन बसविल्यावर Win + Shift + ` ही कळ दाबली असता आखणीचा पडदा उघडतो. तेथे ग्रिड जातीची नवी मांडणी करावी, पडदा दोन उभ्या रेघांनी तीन कप्प्यांत तोडावा, आणि रेघा ओढून कप्प्यांवर दिसणारे पिक्सेलचे आकडे हवे तितके करावे. कप्प्यांभोवती काही पिक्सेल जागा मोकळी सोडण्याची जी सोय आरंभी चालू असते, ती येथेच बंद करावी. एरवी आखलेली मापे आणि मिळालेली मापे यांत फरक पडतो आणि पान कडेला कापले जाते. यानंतर कोणतीही विंडो तिच्या माथ्याला धरून ओढताना Shift दाबून ठेवली की कप्पे उजळतात आणि सोडताच विंडो त्या कप्प्यात नेमकी बसते. Override Windows Snap ही खूण चालू केली, तर Win आणि बाणाच्या कळांनीही विंडो एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते, आणि माउसला हात लावण्याचे कारण उरत नाही.

आता प्रत्यक्ष वाटणी. डावीकडे छायाचित्रासाठी ११०० पिक्सेल, मध्ये मजकुरासाठी १०४० आणि उजवीकडे तक्त्यासाठी १३००, अशी ती मी सुचवितो. मधल्या कप्प्याचे माप असे निघाले : बालबोध मजकुरातील अनुस्वार, रफार आणि वेलांट्या सत्तर सेंटिमीटर अंतरावरून न शिणता वाचता याव्यात म्हणून पान सव्वाशे टक्क्यांनी मोठे केले, तर त्याची रुंदी ९९२ पिक्सेल होते, आणि सरकपट्टीला जागा देऊन १०४० पुरतात. या आकारात पानाची उंची पूर्ण दिसत नाही, परंतु उतरवून घेताना तिची निकड नसते. अखेरच्या वाचनाच्या वेळी तेच पान शंभर टक्क्यांवर आणले की माथ्यापासून तळापर्यंत दिसते. मजकूर मध्ये ठेवण्याचे कारण उघड आहे. ज्यावर हात चालतो ते नाकासमोर असावे आणि जे केवळ पाहावयाचे ते बगलेला. दिवसाचे सहा तास मान एकीकडे वळवून लिहिणे शरीराला मानवणारे नाही. छायाचित्र डावीकडे आणि तक्ता उजवीकडे ठेवला म्हणजे काम डावीकडून उजवीकडे वाहते : कागद वाचला, मजकुरात उतरला, त्यातील रक्कम तक्त्यात गेली. मोडी कागद पुष्कळदा लांबच लांब, अरुंद पट्ट्यांचे असतात, हेही उंच कप्प्याला सोयीचे पडते.

मजकूर पुरा होऊन तक्ता तपासण्याची वेळ आली म्हणजे ही वाटणी अपुरी पडते, आणि तिच्यासाठी दुसरी मांडणी आखून ठेवणे योग्य. तिच्यातही कप्पे तीनच ठेवावे, पण मापे ७६०, ८६० आणि १८२० अशी करावी. कप्प्यांची संख्या आणि क्रम तोच राहिला, तर मांडणी बदलताच विंडोंनी आपापल्या कप्प्यांचे नवे माप घ्यावे, अशी खूण साधनाच्या सेटिंग्जमध्ये करून ठेवता येते. दोन्ही मांडण्यांना १ आणि २ हे क्रमांक दिले की Win + Ctrl + Alt आणि तो आकडा दाबताच सर्व पडदा एका क्षणात नव्या कामाला सिद्ध होतो. मजकुराच्या ८६० मध्ये शंभर टक्क्यांचे पान अद्याप मावते. तक्त्याचा कप्पा पडद्याच्या मध्यरेषेच्या किंचित डावीकडून सुरू होत असल्यामुळे त्याचे पहिले रकाने, म्हणजे कागदाचा क्रमांक आणि सन, बरोबर नजरेसमोर येतात. हे दोन्ही रकाने आणि माथ्याची शीर्षकांची ओळ गोठवून ठेवावी. C2 या घरावर उभे राहून Freeze Panes केले की दोन्ही होते.

रुंदी वाढली की तिच्याबरोबर एक नवा धोका येतो, आणि त्याकडे मी वाचकांचे लक्ष विशेषत्वाने वेधू इच्छितो. अठराशे पिक्सेलांची ओळ म्हणजे चाळीस सेंटिमीटरांहून लांब, जेमतेम अर्धा सेंटिमीटर उंच पट्टी होय. तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर नेताना ती वाटेत वरच्या किंवा खालच्या ओळीवर घसरते. छायाचित्रातून ओळ गळण्याचा जो दोष रुंद पडद्याने दूर केला, तोच येथे तक्त्याच्या आत पुन्हा शिरतो. एक्सेलच्या अलीकडच्या आवृत्तीत View खाली Focus Cell ही सोय आहे, तिने चालू घराची सबंध ओळ आणि रकाना रंगतो. ती ज्यांच्याकडे नाही त्यांनी एकाआड एक ओळ फिकट रंगवावी आणि ओळीची उंची २० ऐवजी २६ पिक्सेल करावी. पडद्यावर दहाबारा ओळी कमी दिसतील, पण ज्या दिसतील त्या बिनचूक वाचल्या जातील.

तक्त्याबद्दल आणखी एका गोष्टीचा उल्लेख येथेच करतो, कारण तिचा संबंध रकान्यांच्या संख्येशी, आणि म्हणून कप्प्याच्या मापाशी आहे. एक्सेल १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख ओळखत नाही. १२ मे १८१८ ही तारीख घातली तर ती साधा मजकूर म्हणून डाव्या कडेला चिकटून राहते आणि क्रम लावताना भलत्याच जागी जाते. आणि कोणी थोडक्यात 12/5/18 असे लिहिले, तर ती कसलीही सूचना न देता २०१८ सालची होते, जो प्रमाद पहिल्याहून घातक आहे, कारण तो दिसत नाही. म्हणून सन, महिना आणि दिवस यांना स्वतंत्र रकाने द्यावे व त्यांत केवळ आकडे लिहावे. मराठी दफ्तरांतला सुहूर सन बहुधा अरबी संख्याशब्दांत असतो. समजा, कागदावर ‘समान अशर मयातैन व अलफ’ असे आहे. आठ, दहा, दोनशे आणि हजार मिळून तो १२१८ होतो. हे शब्द B रकान्यात जसेच्या तसे, आकडा C मध्ये आणि तिथीवरून काढलेल्या इंग्रजी महिन्याचा क्रमांक D मध्ये ठेवला, तर इसवी सन पुढील सूत्राने निघतो :

```
=C2+IF(D2>=6,599,600)
```

महिना ऑगस्ट असेल तर १८१७ आणि फेब्रुवारी असेल तर १८१८ येईल. सुहूर वर्षाचा आरंभ मृगापासून असल्यामुळे मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या कागदांना हे सूत्र लावू नये. त्यांचा निर्णय जंत्री पाहून हातानेच करावा आणि तसा शेरा लिहावा. शब्द, आकडा, महिना, दिवस आणि निघालेला सन असे पाच रकाने झाले. त्यांत कागदाचा क्रमांक, रुमालाचा क्रमांक, ठिकाण, व्यक्ती, रक्कम आणि शेरा मिळविले म्हणजे अकरा होतात. आकड्यांचे रकाने अरुंद आणि नावांचे व शेऱ्याचे रुंद ठेवले, तर हे अकरा रकाने १३०० पिक्सेलांत आडवे न सरकवता दिसतात. तक्त्याच्या कप्प्याचे माप अशा रीतीने तक्त्याच्याच घडणीतून निघालेले आहे.

जे चेन्नईच्याच झोहो कंपनीचे झोहो शीट किंवा तत्सम ब्राउझरमधील तक्ता वापरतात, त्यांनी तक्त्याचा टॅब ओढून त्याची वेगळी विंडो करावी. टॅब कप्प्यात बसत नाही, विंडो बसते. एखादी विंडो कोणत्याच कप्प्यात जाण्यास राजी नसेल, तर ती ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालू आहे का हे पाहावे. तशा विंडोंना हलविण्यासाठी पॉवरटॉइजलाही तोच अधिकार द्यावा लागतो.

पडदा जोडताना सर्वांत जास्त फसगत केबलमुळे होते. लॅपटॉपचे एचडीएमआय जुन्या धाटणीचे असले, तर पुष्कळदा पडद्याचे पूर्ण पिक्सेल न मिळता १९२० × १०८० चे चित्र ताणून पसरविले जाते, किंवा पिक्सेल मिळाले तरी चित्र ताजे होण्याचा वेग मंदावतो आणि माउसचा बाण अडखळत चालतो. ताणलेले चित्र ओळखण्याची खूण सोपी आहे : देवनागरी शून्य आडवे लंबगोल दिसते आणि ठ चे पोट फुगलेले वाटते. Settings मधील Advanced display या पानावर दोन आकडे दिसतात, एक डेस्कटॉपचा आणि दुसरा प्रत्यक्ष जाणाऱ्या सिग्नलचा. दोन्ही ३४४० × १४४० असावयास हवेत. नसतील तर डिस्प्लेपोर्ट किंवा चित्र वाहून नेणारी यूएसबी-सी केबल वापरावी. रिची स्ट्रीटवर केबल घेताना दुकानदाराला पडद्याचे पिक्सेल सांगावे, केवळ लांबी सांगून भागत नाही.

दुसरी अडचण स्केलिंगची. अक्षरे बारीक वाटतात म्हणून सर्व पडद्याचे स्केलिंग सव्वाशे टक्के केले, तर ३४४० च्या जागी कामाला २७५२ इतकीच रुंदी उरते आणि वर दिलेला सगळा हिशेब मोडतो. ७६० चा कप्पा ६०८ चा होतो आणि वरच्या आज्ञांची बटणे एकमेकांत मिटून जातात. ज्यांची दृष्टी शंभर टक्क्यांना साथ देत नाही त्यांनी स्केलिंग अवश्य वाढवावे, डोळ्यांहून मापे मोठी नाहीत. पण मग तीन कप्प्यांचा आग्रह सोडून दोनच करावे आणि छायाचित्र व मजकूर तेवढे एकत्र ठेवावे. तक्ता नंतर भरता येतो, अक्षर मात्र मूळ कागदासमोरच लावले पाहिजे.

लॅपटॉप काढून ग्रंथालयात नेला आणि परत आणून जोडला की विंडो विस्कटतात, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. Display खालच्या Multiple displays मध्ये पडद्याच्या जोडणीनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याची खूण आहे, तिने बहुतेक वेळा निभावते. न निभावल्यास तीन विंडो तीन वेळा Shift धरून ओढण्याचेच काम आहे.

राहता राहिली बैठक. ऐंशी सेंटिमीटरांचा पडदा सत्तर सेंटिमीटरांवर ठेवला तर तो सुमारे साठ अंशांचा कोन व्यापतो, जो डोळ्यांना आणि थोड्याशा मानेला पेलतो. बाजारात मिळणारी साठ सेंटिमीटर खोल टेबले याला अपुरी पडतात, कारण स्टँडच वीसेक सेंटिमीटर खातो. टेबल बदलणे शक्य नसेल तर टेबलाच्या मागच्या कडेला बसणारा आर्म घ्यावा, पडद्याचे वजन त्याला झेपते ना हे पाहून. वक्र पडद्यांवर १५००R, १८००R असे आकडे असतात, ते वक्रतेची त्रिज्या मिलिमीटरमध्ये सांगतात. १८०० मध्ये कडा मध्यापेक्षा साडेचार सेंटिमीटरांच्या आसपास पुढे येतात, तेवढे चालते, परंतु त्याहून तीव्र वक्रतेत तक्त्याच्या रेघा वाकलेल्या भासतात आणि पानाची कड सरळ आहे की नाही याचा अंदाज चुकतो. चेन्नईत पूर्वेकडची खिडकी सकाळी पडद्यावर थेट ऊन आणते. रुंद पडद्याला ते एकाच बगलेला लागते आणि नेमके छायाचित्र निस्तेज होते. पडदा खिडकीला काटकोनात ठेवून खिडकीला जाड पडदा लावावा.

एकोणपन्नास इंची, ५१२० × १४४० च्या पडद्यांचा विचार पुढील प्रकरणांत केलेला नाही. त्यांची उंची चौतीस इंचीइतकीच, रुंदी मात्र १२० सेंटिमीटर, आणि तक्त्याचे शेवटचे रकाने पाहण्यास प्रत्येक वेळी मान वळवावी लागते. मॅकवर सिक्वोया आवृत्तीपासून विंडो कडेला बसविण्याची सोय आली आहे, पण तीत आपली मापे आखता येत नाहीत. लिनक्सच्या केडीई प्लाझ्मामध्ये Meta + T ने आखणीचा पडदा उघडतो आणि येथली तिन्ही मापे तेथे टक्क्यांत बदलून वापरता येतात : ३२, ३० आणि ३८.

चेन्नई